दाबलेल्या तांब्याचं पोट का सुटतं?

20 मिलिमीटर व्यासाचा, 30 मिलिमीटर उंचीचा तांब्याचा दंडगोल दाबयंत्रात ठेवला आणि उंची निम्मी होईपर्यंत दाबला. घनफळ तेवढंच राहतं, म्हणून सरळ पसरला असता तर व्यास सगळीकडे 28.3 मिलिमीटर भरला असता. प्रत्यक्षात तुकडा पिंपासारखा होतो: मध्ये फुगीर, टोकांना आवळलेला.

कारण घर्षण. तांबं बाहेर सरकू पाहतं, पण वरखालच्या पोलादी पाटांना टेकलेला थर अडकतो. टोकाचा पृष्ठभाग जवळून पाहा, लेथच्या गोल रेघा मधोमध जवळजवळ तशाच दिसतात. तिथला धातू फारसा हललेलाच नसतो. मधल्या धातूला मात्र मोकळीक असते.

खरी अडचण आकड्यांची आहे. घर्षणावर मात करायला लागलेलं बळही यंत्र धातूच्या ताकदीत मोजतं. घर्षणांक 0.2 धरला, तर ढोबळ हिशेबाने सुरुवातीला सुमारे 4 टक्के आणि उंची निम्मी झाल्यावर सुमारे 13 टक्के दाब जास्त दिसतो, कारण तुकडा बुटका आणि रुंद होत जातो.

उपाय म्हणजे टोकांना ग्रीस किंवा टेफ्लॉनचा पातळ कागद. तोही दाबाने फाटतो, म्हणून थोडं दाबून थांबायचं, नवा कागद घालायचा. तुकडा उंच घेतला तरी घर्षणाचा प्रभाव घटतो; फार उंच घेतला, तर तो वाकतो.