ऐंशी बोल्टांवर ठरणारा लॉट

कारखान्यात १,००० बोल्टांचा लॉट उतरला, की नोंदीत तो आधी ‘तपासणीखालील’ साठ्यात जातो. वापरण्याजोगा साठा वाढत नाही. आयएसओ २८५९-१ च्या नेहमीच्या तक्त्यानुसार, १ टक्का स्वीकार्य पातळीसाठी, कुठूनही उचललेले ८० बोल्ट तपासतात. सदोष दोनपर्यंत असतील तर लॉट मंजूर. तीन निघाले, की अख्खा नामंजूर.

नामंजूर माल लाल पट्टी लावून कुलपात ठेवतात आणि नोंदीत ‘रोखलेल्या’ साठ्यात टाकतात. हा बदल राहून गेला, तर अनेक संगणकप्रणाली तपासणीखालचा माल लवकरच मिळेल असे धरतात. मग नवी खरेदी निघत नाही आणि जुळणीची लाईन अडते.

नमुन्यालाही मर्यादा आहे: ३ टक्के सदोष लॉट निम्म्याहून अधिक वेळा यातून सुटतात.