भिंग सरकवून नाभीय अंतर

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढताना खरी अडचण येते ती भिंगाचा मध्य नेमका कुठे धरायचा याची. काच जाड असते आणि स्टँडवरची खूण मध्याच्या बरोबर खाली असेलच असे नाही. विस्थापन पद्धत ही अडचण सुंदर रीतीने टाळते. तिच्यात वस्तू आणि पडदा जागचे हलवायचे नाहीत. हलते ते फक्त भिंग.

समजा, पेटती मेणबत्ती आणि पडदा यांच्यात 90 सेंटिमीटर अंतर आहे. भिंग मेणबत्तीपासून 30 सेंटिमीटरवर आणले की पडद्यावर ज्योतीची उलटी, दुप्पट मोठी प्रतिमा उमटते. पुढे सरकवताना ती पुसट होते आणि 60 सेंटिमीटरवर पुन्हा स्पष्ट दिसते, पण आता निम्म्या आकाराची. प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो, म्हणून दोन्ही जागांत वस्तू आणि प्रतिमा यांची अंतरे अदलाबदल होतात.

एकूण अंतर D आणि भिंगाचे सरकणे d मानले, तर सूत्र असे:

f = (D² − d²) / 4D

इथे d = 30, म्हणून (8100 − 900) / 360 = 20 सेंटिमीटर. खूण बाजूला असली तरी दोन्ही वाचनांत तेवढीच चूक येते आणि वजाबाकीत निघून जाते.

मात्र D हे 4f पेक्षा, इथे 80 सेंटिमीटरपेक्षा, जास्त हवे. त्याहून कमी असेल तर भिंग कितीही सरकवले तरी प्रतिमा स्पष्ट होत नाही. D फार वाढवले तर दुसरी प्रतिमा इतकी चिमुकली होते की तिची स्पष्टता डोळ्याला ठरवता येत नाही.