तारीख गेटवरची की जीआरएनची?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून भोसरीच्या कारखान्यात दर आठवड्याला कास्टिंग येतात असं समजा. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत 24 गाड्या आल्या. खरेदी विभागाच्या कॉम्प्युटरवर त्यातल्या 17 वेळेवर दिसतात, म्हणजे 71 टक्के. हा आकडा घेऊन सप्लायरला झापायला बसण्याआधी गेटवरचं रजिस्टर मागवावं.

कॉम्प्युटरमधली तारीख असते जीआरएनची, म्हणजे स्टोअरने माल मोजून नोंदवला त्या दिवसाची. तीन गाड्या शनिवारी संध्याकाळी गेटवर आल्या होत्या; स्टोअरवाला घरी गेला होता, नोंद सोमवारी झाली. आणखी दोन खेपांचं शेड्यूल आपणच दोन दिवस आधी बदललं होतं. साचे लावून, ओतून, थंड करून, घासून माल द्यायला फाउंड्रीला दोन दिवस पुरत नाहीत. तीन गाड्या वेळेवरच्या धरल्या आणि या दोन खेपा हिशोबातूनच काढल्या, की 22 पैकी 20 होतात, म्हणजे 91 टक्के. सप्लायर तोच, माल तोच. म्हणून स्कोअरकार्ड बनवताना पहिली ओळ हीच लिहावी: तारीख गेट-एंट्रीची धरायची, आणि ठरलेल्या मुदतीच्या आत आपण केलेला बदल सप्लायरच्या माथी मारायचा नाही. गाडी वेळेवर आली पण माल अर्धाच होता, तर ती खेप वेळेवरची नाही, हेही त्याच ओळीत.

गुणवत्तेचा हिशोब लाल पेटीपाशी सुरू होतो. मशिनिंगनंतर बाद झालेले भाग तिथे टाकतात, आणि तिमाहीअखेर 130 निघाले म्हणून सगळे फाउंड्रीच्या खात्यावर टाकायचा मोह होतो. खरं तर एकेक भाग हातात घेऊन बघावा लागतो. छेदताना आतून ब्लोहोल उघडं पडलं असेल तर ते सीआर, म्हणजे कास्टिंगचं रिजेक्शन. बोअर तिरका गेला किंवा टूल झिजून माप सुटलं, तर ते एमआर, आपल्या मशिनचं पाप. समजा 46 आपले निघाले, उरले 84. बारा हजारांत 84 म्हणजे दहा लाखांमागे 7,000, यालाच कारखान्यात 7,000 पीपीएम म्हणतात. उलटीही लबाडी चालते: माल अडला की ‘डेव्हिएशन’वर सही करून खराब लॉट चालवून घेतात आणि तो कुठेच मोजला जात नाही. तो मोजायलाच हवा.

तिसरा भाग प्रतिसादाचा, आणि इथे खरेदीवाल्यांची मर्जी सगळ्यात जास्त घुसते. फोन पटकन उचलणारा गोड बोलणारा सप्लायर पूर्ण गुण घेऊन जातो. त्यापेक्षा दोनच गोष्टी बघाव्यात. तक्रार गेल्यापासून 24 तासांत वाटेतला आणि गोदामातला संशयित माल वेगळा काढला का? ठरलेल्या दिवसांत मूळ कारण शोधून उपाय केला का? तोच दोष पुन्हा आला तर ‘बंद’ केलेली तक्रार उघडी धरायची.

आता बेरीज. वेळेला 40, गुणवत्तेला 40 आणि प्रतिसादाला 20 गुण ठेवले. वेळेचे 91 टक्के म्हणजे 36. गुणवत्तेसाठी आधी ठरवलेल्या पायऱ्यांत 7,000 पीपीएमला 20. पाच तक्रारींपैकी तीन नीट बंद झाल्या, म्हणून 12. एकूण 68. जीआरएनची तारीख धरली असती तर वेळेचे 28 आणि एकूण 60. पासष्टच्या खाली नवीन काम थांबवायचं असा नियम असेल, तर स्टोअरवाल्याच्या शनिवारपायी एक फाउंड्री गमावली असती. बेरीज दुसऱ्या बाजूनेही फसवते: वेळेत पूर्ण गुण घेणारा गुणवत्तेतलं अपयश झाकू शकतो. म्हणून कोणत्याही एका भागात निम्म्याखाली गेला, की एकूण कितीही असो, तो लाल.

तिमाहीच का? महिन्याला जेमतेम आठ गाड्या; घाटात एक बंद पडली की बारा टक्के गेले. वर्षभर थांबलं तर दोष मुरतो. मात्र पावसाळी तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या पावसाळ्याशी करावी, कारण दमट हवेत कोअर ओल धरतात आणि ब्लोहोल वाढतात. बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी खेपवार यादी सप्लायरला पाठवा, त्याच्या हरकती नोंदवा, आणि जमलं तर बैठक त्याच्याच फाउंड्रीत घ्या. कोअर कुठे ठेवतात ते तिथेच दिसतं.

त्याच कागदावर एक रकाना आपलाही हवा: बिल किती दिवसांत दिलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे देणं 2006 च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. नव्वद दिवस पैसे अडवून वक्तशीरपणाचे गुण कापणं माझ्या मते शुद्ध दांडगाई आहे.

पहिल्या तिमाहीत या गुणांवर कुणाचीही ऑर्डर कापू नका. आधी गेट रजिस्टर आणि लाल पेटीचे आकडे दोन्ही बाजूंना मान्य होऊ द्या.