सुई मोडली, तरी ध्रुव दोनच

चुंबकाचे तुकडे करत गेलो तर शेवटी एका तुकड्यात नुसता उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात नुसता दक्षिण ध्रुव उरायला हवा, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे घरातल्या शिवणाच्या सुईवर पाहता येते. चुंबक लोखंडाला कसा ओढतो, याचे उत्तरही त्याच सुईत मिळते.

पोलादी सुई टेबलावर ठेवा. चुंबकाचा उत्तर ध्रुव तिच्या नेढ्यापाशी टेकवून टोकापर्यंत घासत न्या, टोकाशी उचला आणि पुन्हा नेढ्यापासून सुरुवात करा. घासायचे ते एकाच दिशेने, वीस-पंचवीस वेळा. जिथून चुंबक उचलला जातो त्या टोकाला उलटा ध्रुव तयार होतो. म्हणजे सुईचे टोक दक्षिण ध्रुव झाले आणि नेढे उत्तर ध्रुव. आता थर्मोकोलच्या छोट्या तुकड्यावर ही सुई आडवी ठेवून प्लॅस्टिकच्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत सोडा. ती सावकाश वळते आणि नेढे उत्तरेकडे करून थांबते.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सुई उत्तरेकडे वळते, पण उत्तरेकडे सरकत मात्र नाही. (थर्मोकोल कधीकधी भांड्याच्या काठाला जाऊन चिकटतो, पण ती करामत पाण्याच्या पृष्ठताणाची. जो काठ जवळ असेल तिकडे तो जातो, दिशा कोणतीही असो.) पृथ्वी नेढ्याला उत्तरेकडे ओढते आणि टोकाला तितक्याच जोराने दक्षिणेकडे. एवढ्याशा सुईच्या लांबीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद बदलत नाही, त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना खोडून काढतात. सुई फिरू शकते, जाऊ शकत नाही.

मग टाचणी चुंबकाकडे धावत का जाते? चुंबकाजवळ क्षेत्र सगळीकडे सारखे नसते म्हणून. ध्रुवाशी ते सर्वांत जोरदार असते आणि थोडे दूर गेले की झपाट्याने कमी होते. चुंबकाचा उत्तर ध्रुव टाचणीजवळ नेला की टाचणीच्या जवळच्या टोकाला दक्षिण ध्रुव तयार होतो आणि लांबच्या टोकाला उत्तर. जवळचे टोक ओढले जाते, लांबचे ढकलले जाते. पण जवळचे टोक जोरदार क्षेत्रात आहे, लांबचे कमजोर. ओढ जिंकते आणि टाचणी येऊन चिकटते. चुंबक उलटा धरला तर टाचणीतले ध्रुवही उलटे होतात, म्हणून साधे लोखंड चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांकडे ओढले जाते. एखादी वस्तू चुंबक आहे की नुसते लोखंड, हे ओढीवरून ठरत नाही. ती कुठल्यातरी बाजूने दूर ढकलली जाते का, हीच खरी कसोटी.

टाचणीत हे ध्रुव येतात कुठून? चुंबकातून काही वाहून टाचणीत शिरत नाही. लोखंडाचा प्रत्येक अणू मुळातच छोटा चुंबक असतो, कारण त्याच्यातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःचे चुंबकत्व असते. तांब्यासारख्या धातूंत हे इलेक्ट्रॉन एकमेकांविरुद्ध जोड्यांनी बसतात आणि त्यांचा परिणाम जवळजवळ मिटतो. लोखंडात काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात, शिवाय शेजारच्या अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेने ठेवण्याची प्रवृत्तीही त्यात असते. त्यामुळे लोखंडात अणूंचे मोठमोठे गट बनतात. गटातले सारे अणू एका दिशेला, शेजारच्या गटातले दुसऱ्या दिशेला. या गटांना डोमेन म्हणतात. ही कल्पना पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1907 मध्ये मांडली. साध्या टाचणीत डोमेनच्या दिशा विखुरलेल्या असल्याने बाहेर काहीच जाणवत नाही. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेशी जुळणारे डोमेन शेजाऱ्यांची जागा खात वाढतात, आणि टाचणी तेवढ्यापुरती चुंबक होते. मऊ लोखंडात चुंबक दूर नेल्यावर डोमेन बरेचसे पूर्ववत होतात. सुईच्या कडक पोलादात त्यांच्या सीमा अडकून राहतात, म्हणून घासलेली सुई चुंबकत्व टिकवते. ती लालबुंद तापवली तर मात्र सगळी शिस्त मोडते. लोखंडाचे हे चुंबकत्व 770 अंश सेल्सियसला नाहीसे होते.

आता सुई मधोमध मोडा. ती कापडात गुंडाळून दोन पकडींनी धरावी, डोळे सांभाळावेत. कडक सुई वाकण्याआधी तुटते. मोडण्यापूर्वी मधल्या भागाला लोखंडाचा कीस फारसा चिकटत नव्हता, तो दोन टोकांनाच चिकटत होता. मोडल्यावर तुटलेल्या तोंडांनाही कीस चिकटतो. दोन्ही तुकडे वेगवेगळे तरंगवले तर नेढ्याचा तुकडा नेढे उत्तरेकडे करतो, म्हणजे त्याचे तुटलेले तोंड दक्षिण ध्रुव झाले. टोकाच्या तुकड्यात तुटलेले तोंड उत्तरेकडे वळते. आणि दोन्ही तुकडे पुन्हा नुसते फिरतात, सरकत नाहीत. एकटा ध्रुव हाती आला असता तर त्याला फक्त एकीकडेच ओढ बसली असती, आणि तो पाण्यावरून सरळ निघाला असता. पेत्रुस पेरेग्रिनुस याने चुंबक दगडाचे तुकडे पाण्यावर तरंगवून हाच निष्कर्ष 1269 मध्ये एका पत्रात लिहून ठेवला होता.

कारण असे की, ध्रुव हा टोकाशी साठवलेला पदार्थ नाही. एका दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या रांगेसारखी सुईतल्या अणूंची स्थिती असते. रांग कुठेही तोडा, दोन्ही तुकड्यांना आपापले पहिले आणि शेवटचे टोक असणारच. ध्रुव म्हणजे ही रांग जिथे संपते ती जागा. सुईच्या मधोमधही हे चुंबकत्व होतेच, पण दोन्हीकडे शेजारी असल्याने तिथे ध्रुव दिसत नव्हता. तोडल्यावर तो दिसू लागला, इतकेच.

मग तोडत तोडत एका इलेक्ट्रॉनपर्यंत पोचलो तर? तिथेही सुटका नाही. आंप्येर यांनी चुंबकत्वाचा उगम फिरत्या विद्युतप्रवाहात शोधला होता. पारदर्शक प्लॅस्टिकवर बाण दाखवून वर्तुळ काढा. समोरून ते घड्याळाच्या दिशेने फिरते, मागून पाहिले की उलट्या. प्रवाहाच्या वेटोळ्याची एक बाजू उत्तर ध्रुव असते आणि दुसरी दक्षिण. वेटोळे कितीही लहान केले तरी त्याला एकच बाजू उरत नाही. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नसला तरी त्याचे चुंबकत्व अशा वेटोळ्यासारखेच वागते. उत्तर आणि दक्षिण असे दोन सुटे भाग जोडून ते झालेले नाही, मग ते वेगळे काय करणार?

एकटा ध्रुव निसर्गात असूच शकत नाही, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. विश्वात तसा एक जरी कण असेल, तर विद्युतभार नेहमी ठराविक मापातच का येतो याचे उत्तर मिळते, हे पॉल डिरॅक यांनी 1931 मध्ये दाखवले. 14 फेब्रुवारी 1982 रोजी स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यात असा कण गेल्यावर दिसावी तशी नोंद एकदा झाली, पण पुन्हा कधीच झाली नाही. सर्नमध्ये आजही त्याचा शोध चालू आहे. तो सापडलाच तर वेगळाच कण म्हणून सापडेल. चुंबक कापून तो मिळणार नाही, कारण चुंबकात तो मुळात नसतोच.