मायलेज कोण खातं: वजन की अश्वशक्ती?

‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकाने १९७४ साली छापलेली ३२ मोटारींची माहिती आजही संख्याशास्त्राच्या वर्गांत वापरली जाते. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये ती mtcars या नावाने तयार मिळते. तिच्यात छोटी होंडा सिव्हिक आहे, तशी अवाढव्य लिंकन कॉन्टिनेंटलही आहे. या माहितीला एक साधा प्रश्न विचारता येतो: मायलेज जास्त कशामुळे घटतं, वजनामुळे की इंजिनाच्या ताकदीमुळे?

रिग्रेशन करून पाहिलं की दोन आकडे हाती येतात. ताकद तेवढीच असताना वजन एक किलोने वाढलं, तर गॅलनमागचं मायलेज सुमारे ०.००८५ मैलांनी कमी होतं. वजन तेवढंच असताना एक अश्वशक्ती वाढली, तर ते ०.०३२ मैलांनी घटतं. म्हणजे ताकद चौपट महत्त्वाची?

तसं मुळीच नाही. मूळ तक्त्यात वजन हजार पौंडांत दिलेलं आहे. तेच एकक ठेवलं तर वजनाचा आकडा ३.८८ होतो आणि ताकद पार मागे पडते. मोटारी त्याच, हिशेब तोच. बदललं फक्त मोजमाप.

यावरचा उपाय म्हणजे प्रमाणित सहगुणक. प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःच्या प्रमाण विचलनात, म्हणजे या मोटारींमध्ये ती साधारण किती कमी-जास्त होते त्या अंतरात मोजायची. वजनासाठी हे अंतर सुमारे ४४४ किलो आहे, ताकदीसाठी ६८.६ अश्वशक्ती आणि मायलेजसाठी ६.०३ मैल. वजन ४४४ किलोंनी वाढलं की मायलेज ३.८ मैलांनी घटतं, त्याला ६.०३ ने भागलं की ०.६३ येतात. ताकदीचा तसाच हिशेब ०.३६ वर थांबतो. दोन्ही सहगुणक ऋण आहेत आणि किलो घ्या वा पौंड, ते बदलत नाहीत. या यादीत वजनाचा प्रभाव मोठा ठरतो.

‘या यादीत’ हे शब्द मात्र विसरून चालणार नाही. यादीत जवळपास सारख्याच वजनाच्या मोटारी असत्या, तर किलोमागची घट तीच राहूनही वजनाचा ०.६३ हा आकडा खाली आला असता. त्यामुळे दोन वेगवेगळ्या याद्यांतले प्रमाणित सहगुणक शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं असतं. शिवाय जड मोटारींना बहुधा इंजिनही दणकट असतं. इथे त्या दोघांतला सहसंबंध ०.६६ आहे, त्यामुळे मायलेजच्या घटीतला कुणाचा वाटा किती, हे ३२ मोटारींवरून काटेकोर सांगता येत नाही.

आणि प्रश्न नव्या मोटारीच्या आराखड्याचा असेल, तर मूळ एककांकडेच परतावं लागतं. समजा, १०० किलो वजन किंवा ३० अश्वशक्ती यांपैकी एकच काहीतरी कमी करणं शक्य आहे. याच समीकरणानुसार पहिल्या पर्यायात गॅलनमागे सुमारे ०.८५ मैल वाढतात, तर दुसऱ्यात ०.९५.