१८१ दिवस आणि १८२ दिवस

बी.कॉम.च्या किंवा सीएच्या आयकराच्या पेपरात निवासी दर्जाचा प्रश्न आला की बहुतेक मुलं आधी दिवस मोजायला घेतात. बेरीज बरोबर येते आणि तरीही उत्तर चुकतं. दिवस मोजणं हा या प्रश्नातला सोपा भाग आहे. मोजलेले दिवस कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचे, हा खरा प्रश्न. ते ठरतं माणूस देशाबाहेर का गेला किंवा देशात का आला यावरून. दुबई-मस्कतला नोकरी करणारं कुणी घरात असेल, तर हा हिशेब पेपरापुरता उरत नाही.

आयकर कायद्याच्या कलम ६ मध्ये दोन मूळ कसोट्या आहेत. एखादी व्यक्ती त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त राहिली असेल, तर ती निवासी. किंवा त्या वर्षात किमान ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस राहिली असेल, तरीही निवासी. दोहोंपैकी एक पुरी झाली की पुरे. एकही झाली नाही तर अनिवासी. राहणं सलग असावं लागत नाही आणि एकाच गावात असावं लागत नाही. नागरिकत्वही इथे निर्णायक नाही. चाकणच्या कारखान्यात कामाला आलेला जर्मन अभियंता निवासी ठरू शकतो आणि नाशिकचा भारतीय माणूस अनिवासी.

आता परीक्षेत येतं तसंच एक उदाहरण घेऊ. श्री. क्ष हे भारतीय नागरिक आहेत, जन्मापासून नाशिकला राहतात, कधी परदेशी गेलेले नाहीत. २० सप्टेंबर २०२४ रोजी ते दुबईच्या नोकरीसाठी निघाले आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत परत आले नाहीत. आर्थिक वर्ष २०२४-२५.

एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून १५३ दिवस. त्यात सप्टेंबरचे २०, म्हणजे एकूण १७३. निघण्याचा दिवस आपण भारतातला धरला. परीक्षेत येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतातले धरण्याची रीत आहे, आणि तसं धरल्याची एक ओळ उत्तराखाली टीप म्हणून लिहावी. प्रत्यक्ष व्यवहारात येण्याच्या दिवसाबद्दल न्यायाधिकरणांपुढे वाद झालेले आहेत, म्हणून सीमेवरच्या आकड्यावर विसंबून कुणी विमानाचं तिकीट काढू नये.

१७३ हे १८२ पेक्षा कमी, म्हणून पहिली कसोटी पुरी होत नाही. दुसरीत १७३ हे ६० पेक्षा बरेच जास्त आणि आधीची चारही वर्षं ते पूर्णवेळ इथेच होते. म्हणून मुलं लिहितात, ‘निवासी’. इथेच गुण जातात. नोकरीसाठी देशाबाहेर पडणाऱ्या भारतीय नागरिकाला, ज्या वर्षी तो निघतो त्या वर्षापुरती, कायद्याने सवलत दिली आहे: दुसऱ्या कसोटीतल्या ६० च्या जागी १८२ वाचायचं. भारतीय जहाजावर खलाशी किंवा अधिकारी म्हणून जाणाऱ्या नागरिकालाही ही सवलत आहे. त्यामुळे श्री. क्ष अनिवासी ठरतात.

हेच श्री. क्ष त्याच २० सप्टेंबरला दुबईतल्या मुलाकडे राहायला गेले असते तर? दिवस तेच १७३. पण जाणं नोकरीसाठी नाही, म्हणून ६० हा आकडा कायम राहतो आणि ते निवासी ठरतात. प्रश्नात ‘नोकरीसाठी’ हा एकच शब्द उत्तर उलटवतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, पेन्सिल घ्या आणि आधी तीन गोष्टींखाली रेघ मारा: नागरिकत्व, जाण्या-येण्याचं कारण, आणि भारतातलं उत्पन्न. दिनदर्शिका त्यानंतर.

तारीख थोडी पुढे सरकवू. श्री. क्ष नोकरीसाठीच, पण २८ सप्टेंबरला निघाले, तर १८१ दिवस होतात, ते अनिवासीच. २९ सप्टेंबरला निघाले, तर बरोबर १८२, निवासी. आधीची सगळी वर्षं भारतात गेल्यामुळे ते पूर्ण अर्थाने निवासी होतात, वर्गात ज्याला आरओआर म्हणतात ते. एका दिवसाने काय फरक पडतो, ते उत्पन्न मांडल्यावर कळतं.

समजा, त्यांचा निघण्यापूर्वीचा नाशिकचा पगार ४,५०,००० रुपये. नाशिकच्या फ्लॅटच्या भाड्याचं करपात्र उत्पन्न १,५०,०००. ऑक्टोबर ते मार्च दुबईचा पगार १८,००,०००, तिथल्याच बँकेत जमा झालेला. त्या बँकेतल्या ठेवीवर व्याज ३०,०००. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून पगारावरची प्रमाणित वजावट आणि दोन देशांमधला करार बाजूला ठेवू.

अनिवासी व्यक्तीला भारतात फक्त दोन प्रकारच्या उत्पन्नावर कर लागतो: जे भारतात उपजतं किंवा कायदा तसं मानतो ते, आणि जे भारतात मिळतं किंवा मिळाल्याचं मानलं जातं ते. म्हणून २८ तारखेला निघालेल्या श्री. क्ष यांचं भारतातलं एकूण उत्पन्न ६,००,०००. दुबईचा पगार दुबईत केलेल्या कामाचा आहे आणि दुबईतच मिळाला आहे, तो यात येत नाही. २९ तारखेला निघालेल्या श्री. क्ष यांना जगभरचं उत्पन्न मांडावं लागतं: २४,३०,०००. दुबईत पगारावर वैयक्तिक आयकर नसल्याने तिथे भरलेल्या कराची वजावटही मिळण्यासारखी नसते.

आणखी एक खाच. अनिवासी श्री. क्ष यांनी मालकाला सांगितलं की दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ६,००,००० रुपये, थेट माझ्या नाशिकच्या खात्यात टाका. आता हा पगार पहिल्यांदा हाती आला तो भारतात. काम दुबईत झालं असलं तरी तो भारतात मिळालेलं उत्पन्न झाला आणि एकूण उत्पन्न १२,००,००० वर गेलं. तेच पैसे आधी दुबईच्या खात्यात घेऊन मग आईवडिलांना पाठवले असते, तर ते उत्पन्न न राहता नुसती पाठवणी झाली असती. पेपरात ‘भारतात मिळाले’ आणि ‘परदेशात मिळून नंतर भारतात आणले’ अशी दोन वाक्यं शेजारी-शेजारी असतात, ती याचसाठी.

पुढच्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, श्री. क्ष वेगवेगळ्या सुट्ट्यांत येऊन एकूण १३० दिवस नाशिकला राहिले. परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती भेटीसाठी येते, तेव्हाही ६० च्या जागी १८२ वाचायचं, म्हणून ते अनिवासी. पण २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून त्याला एक अट जोडली आहे. परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं एकूण उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल, तर १८२ ऐवजी १२० वाचायचं. श्री. क्ष यांचं भारतातलं उत्पन्न १६ लाख असेल, तर १३० दिवसांनी ते निवासी होतात, कारण आधीच्या चार वर्षांतले ३६५ दिवस तर सहज भरतात. मात्र अशा माणसाला कायदा आपोआप मधल्या गटात बसवतो: निवासी, पण सर्वसाधारण निवासी नव्हे, म्हणजे आरएनओआर. त्याचा दुबईचा पगार करातून बाहेरच राहतो. परदेशातलं उत्पन्न त्याला लागतं ते केवळ भारतातून चालवलेल्या धंद्याचं किंवा इथे सुरू केलेल्या व्यवसायाचं.

हा मधला गट समजून घेण्यासारखा आहे, कारण परत येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. श्री. य हे पंधरा वर्षं दुबईत होते. दर वर्षी ९५ दिवस सुट्टीला यायचे. १० जानेवारी २०२५ रोजी ते कायमचे पुण्याला परतले. त्या आर्थिक वर्षात त्याआधी आले नव्हते. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ मिळून ८१ दिवस. कायमचं परतणं म्हणजे भेट नव्हे, म्हणून इथे १८२ ची सवलत नाही. मूळचे ६० दिवस लागू. आधीच्या चार वर्षांत ९५ प्रमाणे ३८० दिवस भरतात. श्री. य निवासी झाले, आणि वर्षाचे तीन महिनेही इथे नसताना हे झालेलं पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

पण थांबायचं नाही, दुसरी पायरी उरली आहे. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं व्यक्ती अनिवासी असेल, किंवा आधीच्या सात वर्षांत तिचा मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर ती आरएनओआर. श्री. य दहाही वर्षं अनिवासी होते आणि सात वर्षांचे दिवस ६६५ होतात. एक अट पुरेशी होती, इथे दोन्ही पुऱ्या झाल्या. त्यामुळे २०२४-२५ मध्ये त्यांचा दुबईत मिळालेला पगार आणि तिथल्या ठेवीचं व्याज करपात्र नाही.

२०२५-२६ मध्ये ते वर्षभर पुण्यातच राहिले. निवासी तर झालेच. पण आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ अजूनही अनिवासीच आहेत, म्हणून पुन्हा आरएनओआर. २०२६-२७ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे, तरी या कसोट्यांचा गाभा तोच आहे. त्या वर्षी आधीच्या दहा वर्षांत दोन वर्षं निवासाची येतात, म्हणून पहिली अट तुटते. मागच्या सात वर्षांचे दिवस मोजायचे तर पाच वर्षांचे ४७५, मग ८१, मग ३६५, एकूण ९२१. दुसरीही तुटली. श्री. य आता पूर्ण अर्थाने निवासी झाले. दुबईच्या बँकेत ठेव तशीच असेल, तर या वर्षापासून तिचं व्याज भारतात करपात्र होतं, ते पैसे भारतात आणले नसले तरीही, आणि ते परदेशी खातं विवरणपत्रात दाखवावं लागतं.