आवडी चार, वेळ रविवारपुरता

यूट्यूब चॅनल काढायचं ठरवलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो "ज्याची मनापासून आवड आहे तो विषय घे" असा. आवड एकच असेल तर ठीक. पण चार असतील आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून आठवड्याला जेमतेम साडेतीन-चार तास उरत असतील, तर या सल्ल्याचा उपयोग शून्य. अशा वेळी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कोणत्या विषयाचा एक व्हिडिओ मला किती तासांना पडतो?

उदाहरणच घेऊ. ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई आहे असं समजा. तिला गडकिल्ले हिंडायला आवडतं, जुनी हिंदी गाणी आवडतात, शाईच्या पेनांचा नाद आहे आणि गॅलरीत पंधरा-वीस कुंड्या आहेत. मोकळा वेळ म्हणजे रविवारी दुपारचे तीन तास आणि अधूनमधून रात्रीचा अर्धा तास. कॅमेरा म्हणजे हातातला मोबाईल.

आधी साधा हिशेब. सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा तर काय बोलायचं ते लिहायला अर्धा-पाऊण तास, शूटिंगला तासभर, आवाज द्यायला अर्धा तास, थंबनेल आणि शीर्षकाला अर्धा तास लागतो. खरा वेळ खातं ते एडिटिंग. नवख्या माणसाला तयार व्हिडिओच्या एका मिनिटामागे अर्धा तास धरावा, म्हणजे सहा मिनिटांना तीन तास झाले. एकूण साडेपाच-सहा तास. म्हणजे या बाईंचा दर आठवड्याला एक व्हिडिओ होणं शक्यच नाही, पंधरा दिवसांनी एक होईल. हे आधीच मान्य केलं की निवड सोपी होते.

आता किल्ले. एका गडासाठी अख्खा रविवार जातो, म्हणजे शूटिंगच सहा तासांना पडलं. पावसाळ्यात धुकं, मे महिन्यात ऊन. ड्रोन उडवायचं म्हटलं तर संरक्षित स्मारकावर परवानगीची भानगड. एखादा शॉट राहिला तर तो घ्यायला पुन्हा गड चढा! शिवाय या विषयात दर आठवड्याला ट्रेक करणारी, चांगले कॅमेरे घेऊन फिरणारी मंडळी आधीपासून आहेत. जुन्या गाण्यांची अडचण निराळी. गाण्याचा तुकडा वाजवला की यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा तो ओळखते आणि हक्कधारक कंपनी त्या व्हिडिओची कमाई स्वतःकडे घेऊ शकते किंवा तो बंदही करू शकते. गाणं न वाजवता गाण्याविषयी बोलत राहणं फार कसबाचं काम. पेनांचं शूटिंग मात्र रात्रीसुद्धा टेबलाच्या दिव्याखाली होतं, विषय स्वस्तात पडतो. पण दर नव्या व्हिडिओला नवं पेन किंवा नवी शाई लागली की तो स्वस्तपणा कुठल्या कुठे जातो.

राहिल्या कुंड्या. इथे कच्चा माल रोज आपोआप तयार होतो. सकाळी पाणी घालताना मोबाईल काढून वीस सेकंद टिपलं की झालं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. माझ्या मते कमी वेळ असलेल्या माणसाने विषय निवडण्याची खरी कसोटी हीच: जे काम आपण एरवीही करणारच आहोत, त्याचंच शूटिंग होतं का?

पण ‘बागकाम’ हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. गच्ची असलेले, फार्महाऊस असलेले, नर्सरीवाले सगळे त्यात आहेत. या बाईंची गॅलरी पूर्वेकडे, ग्रिल लावलेली आहे. तीन तास ऊन येतं, बाकी सावली. ठाणे-मुंबईतल्या असंख्य घरांची हीच स्थिती आहे आणि ‘रोज सहा तास ऊन द्या’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. तेव्हा विषय ठरला: ग्रिलच्या गॅलरीत, अर्ध्या उन्हात खाण्याजोगं काय काय पिकतं.

विषय टिकेल का, हे तपासायची एक रोकडी रीत आहे. एका बैठकीत वीस शीर्षकं लिहून काढायची आणि प्रत्येक शीर्षक कुणीतरी खरंच विचारेल असा प्रश्न असला पाहिजे. कोथिंबीर उगवतच का नाही? (धणे अख्खे पेरले म्हणून. हलके रगडून दोन फाकी केल्या तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.) कढीपत्ता नुसताच उंच का जातो? मिरचीच्या पानांखाली पांढरा कापूस कसला? बाराव्या शीर्षकावर लेखणी अडली तर विषय अरुंद आहे किंवा आपली माहिती तोकडी आहे. मग यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘कढीपत्ता’ टाइप करून थांबायचं. खाली जी वाक्यं सुचवली जातात ती लोकांच्या शोधांवरून आलेली असतात. देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हेने बघावं, कारण मराठी माणूस दोन्ही लिपींत शोधतो.

पांढऱ्या कापसाचंच बघा. तो पिठ्या ढेकूण. पहिल्या रविवारी पान उलटं करून जवळून दहा सेकंदांचा शॉट घ्यायचा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब मिसळून ऊन उतरल्यावर फवारताना दुसरा शॉट. आठवडाभराने पुन्हा फवारणी, पुन्हा तेच पान. तीन आठवड्यांनी व्हिडिओचा माल हाती असतो आणि शूटिंगला एकूण पाऊण तासही गेलेला नसतो. अशा तीन-चार गोष्टी एकाच वेळी चालू ठेवल्या की पंधरवड्याचा नेम चुकत नाही.

सात-आठ व्हिडिओ होईपर्यंत आकड्यांकडे बघून विषय बदलू नये. नंतर ‘यूट्यूब स्टुडिओ’त तीन गोष्टी बघाव्यात. थंबनेल पुष्कळांना दिसलं पण कुणी दाबलं नाही, तर दोष शीर्षकाचा किंवा चित्राचा. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनलांचं हे क्लिकचं प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतं, त्यामुळे चार टक्के बघून हिरमुसू नये. लोक आले पण पहिल्या अर्ध्या मिनिटात आलेख धाडकन खाली, तर लांबलेलं ‘नमस्कार मंडळी’ कापा आणि पहिल्याच शॉटमध्ये ते कापूस धरलेलं पान दाखवा. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची: लोक कोणते शब्द शोधून आले, त्याची यादी. कोथिंबिरीपेक्षा किडींसाठीच माणसं येत असतील, तर पुढचे चार व्हिडिओ किडींचे. विषय असा आपोआप अरुंद होत जातो.

मधूनच एखादा पेनाचा व्हिडिओ टाकायचा मोह होईल. किडीच्या उपायासाठी आलेला माणूस तो उघडणार नाही, आणि पंधरा दिवसांनी एकच व्हिडिओ येत असताना मध्ये पेन आलं तर त्याच्या दृष्टीने चॅनल महिनाभर बंद. पैशांचं म्हणाल, तर जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं लागतं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). पंधरवड्याच्या वेगाने पहिल्या वर्षी त्यावर भिस्त ठेवू नये.

चॅनलच्या नावावर मात्र आठवडे घालवू नका. नाव पुढेही बदलता येतं, चौदा दिवसांत दोनदा. ‘अर्ध्या उन्हातली भाजी’ आज चालेल. वर्षभराने किडींचाच चॅनल झाला, तर तेव्हा बघू.